पंच्याऐंशी कोटी कुणाचे?

आज सकाळी बँकेच्या नाशिकमधल्या कॉलेज रोडच्या शाखेसाठी आलेले रिलेशनशिप मॅनेजरचे अर्ज चाळताना एका मुलीचा अर्ज नाकारलेल्या गठ्ठ्यात दिसला. कोपऱ्यात शेरा होता, ‘पोर्टफोलिओ लहान, २२ कोटी’. निवडलेल्यांमध्ये सगळ्यात वर एका मुलाचा अर्ज, त्यातल्या ८५ कोटींच्या आकड्याला लाल पेनने गोल केलेला. डोकंच फिरलं माझं.

अहो, पण ८५ कोटी कुणाचे? बुक, म्हणजे सांभाळायला दिलेल्या ग्राहकांचा एकूण पैसा, हातात आलं तेव्हा किती होतं, हे अर्जात कुठेच नाही. फोन करून विचारलं तेव्हा कळलं, दोन वर्षांपूर्वी ६२ कोटी. म्हणजे वाढ २३ कोटींची. त्यातले ११ कोटी शेजारचा मॅनेजर सोडून गेला तेव्हा त्याच्याकडची ग्राहक कुटुंबं याच्या नावावर वर्ग झाली, म्हणजे मॅप झाली, ते. आणखी ७ कोटी म्युच्युअल फंडांची किंमत बाजाराबरोबर वाढली म्हणून. उरले ५. यानं स्वतः आणलेला पैसा तेवढाच.

आता ती मुलगी. सिडकोतली शाखा, सुरुवात ९ कोटींवर. दोन वर्षांत १३ कोटींची वाढ, त्यातली बाजाराची जेमतेम २. मॅपिंगने एकही कुटुंब आलेलं नाही. अकरा कोटी तिने आणले, अंबडच्या कारखान्यांतल्या पगारदारांकडून आणि पिंपळगावच्या द्राक्षवाल्यांकडून. द्राक्षाचा पैसा हंगामात येतो आणि औषधं-मजुरीत निघून जातो. तो थांबवून ठेवायचा तर बागाईतदाराला पुढचा खर्च कधी लागणार हे माहीत असावं लागतं, त्या तारखेच्या आधी मुदत संपेल अशी ठेव करून द्यावी लागते. हे २२ च्या आकड्यात दिसत नाही, मान्य. पण मग विचारायला नको?

मोठं बुक सांभाळणं सोपं नसतं, हेही खरं. मोठी कुटुंबं टिकवणाऱ्याला तेवढं श्रेय द्यावंच लागेल. पण टिकवलं की नाही, हेही अर्जात लिहिलेलं नाही!

क्रॉस-सेलिंगचं, म्हणजे आहे त्याच ग्राहकाला आणखी प्रॉडक्ट विकण्याचं, तेच. ‘१४० विमा पॉलिसी’ असं ठळक अक्षरांत. ठीक आहे, पण दुसऱ्या वर्षाचा हप्ता किती जणांनी भरला? बँकेत याला तेराव्या महिन्याची पर्सिस्टन्सी म्हणतात. त्या मुलाने सांगितलं, ९० जणांच्या आसपास. म्हणजे दर तीन ग्राहकांतल्या एकाहून जास्त लोकांनी पॉलिसी वर्षभरात सोडली. मार्चमध्ये टार्गेटसाठी लॉकरच्या किंवा ठेवीच्या नावाखाली गळ्यात मारलेली पॉलिसी अशीच पुढच्या मार्चला उघडी पडते. मुलीच्या ३८ पॉलिसी, त्यातल्या ३५ चालू. त्यात एका ग्राहकाकडे सरासरी किती प्रॉडक्ट होती आणि किती झाली, हेही तिने लिहिलंय, दीडवरून अडीच. क्रॉस-सेलिंगचा खरा हिशोब हाच.

प्रमाणपत्रांपाशी तर मी हात टेकले. त्याच्या अर्जात नुसतं ‘एनआयएसएम प्रमाणित’. ही संस्था फंड-शेअर बाजारातल्या कामांसाठी वेगवेगळ्या सिरीजच्या परीक्षा घेते. कोणती सिरीज? म्युच्युअल फंड विकायला सिरीज फाइव्ह-ए लागते. दोन तासांत १०० प्रश्न, पास व्हायला ५० टक्के, आणि प्रमाणपत्र तीन वर्षंच चालतं. तारीख नसेल तर ते चालू आहे की संपलं, कसं कळणार? त्यावर मिळालेला ईयूआयएन हा त्या कर्मचाऱ्याचा स्वतःचा नंबर. फॉर्मवर बँकेच्या एआरएनशेजारी, म्हणजे फंड वितरक म्हणून असलेल्या तिच्या नंबराशेजारी, तोच टाकतात, तोही लिहायला हवा.

विम्याचं वेगळं. तिथे बँक विमा कंपनीची कॉर्पोरेट एजंट असते आणि विकणारा तिचा ‘स्पेसिफाइड पर्सन’. ते प्रमाणपत्र त्या बँकेशी बांधलेलं असतं. नोकरी बदलली की जुन्या बँकेची एनओसी आणि नव्या बँकेकडे नोंद, हे होईपर्यंत विमा विकता येत नाही. मुलाचं हे प्रमाणपत्र जून २०२३ चं. आणि १४० मधल्या ४० पॉलिसी २०२२-२३ च्या! म्हणजे मार्च २०२३ संपायच्या आत विकलेल्या. मग त्या कुणाच्या कोडवर विकल्या? दुसऱ्याच्या कोडवर विकणं हा नियमभंग आहे, आणि अर्ज गाळणाऱ्याने या दोन तारखा शेजारी ठेवून पाहिल्याच नाहीत.

राग त्या मुलावर नाही, खरंच. त्याला कुणी सांगितलंच नसेल. आपल्याकडे आकडा मोठा दिसला की माणूस मोठा, हेच शिकवलं जातं.

मुलीने मात्र एका ओळीत लिहिलं होतं: ‘बुक ९ वरून २२ कोटी, दोन वर्षं, त्यात नवा पैसा ११ कोटी, सिरीज फाइव्ह-ए वैध डिसेंबर २०२६ पर्यंत.’ ही ओळ दुसऱ्या पानाच्या तळाशी होती. तिला फोन केला. गुरुवारी ११ वाजता मुलाखत ठेवलीय, आणि ही ओळ पहिल्या पानावर नावाखाली घ्यायला सांगितलीय.