मराठीतला एक, इंग्रजीतला नऊ

नौपाड्यातल्या त्या शाखेत मी तिसऱ्यांदा पोचलो तेव्हा वॉचमन ओळखीचं हसला. खातं उघडताना कुणाशी एवढी ओळख वाढवावी लागली नव्हती. बँकेचा मुलगाच ऑफिसात आला, सह्या घेतल्या आणि गेला. ते पगाराचं खातं होतं. नोकरी सुटल्यावर ते गुपचूप साधं बचत खातं झालं, आणि किमान शिल्लक नाही म्हणून दंड कापायला लागलं.

पहिल्या खेपेला मी 'खाते बंद करावे ही विनंती' एवढाच अर्ज नेला.

"काका, पैसे कुठे पाठवायचे?" काउंटरवरच्या मॅडमनी विचारलं.

"आधी मीच सगळे काढून घेतो ना."

"मग व्याज मागून जमा होईल आणि खातं उघडंच राहील."

व्याज रोजच्या शिल्लकेवर मोजतात, पण जमा तीन महिन्यांनी करतात. म्हणजे मी निघून गेल्यावर अकरा रुपये येऊन माझी वाट बघत बसणार!

दुसऱ्या खेपेला अर्ज झकास केला. 'आजपर्यंतच्या व्याजासह संपूर्ण शिल्लक खालील खात्यात पाठवावी व खाते बंद झाल्याचे लेखी पत्र द्यावे.' सोबत पासबुक, उरलेले सात चेक, दोन तुकडे केलेलं डेबिट कार्ड आणि दुसऱ्या बँकेचा रद्द केलेला चेक. विजेचं बिल या खात्यातून आपोआप जायचं, तेही आधीच दुसरीकडे वळवलं होतं. प्रतीवर पोचेचा शिक्का मागितला तर मॅडम म्हणाल्या, "आम्ही आहोत ना!" त्या आहेत यात शंका नव्हती, पण बदल्या होतात. शिक्का घेतला.

चार दिवसांनी खातं बंद झाल्याचा मेसेज आला. पैसे मात्र आले नाहीत.

मातृभाषेच्या अभिमानापोटी मी खाते क्रमांक मराठी आकड्यांत लिहिला होता. टाइप करणाऱ्याने माझा '१' इंग्रजी नऊ म्हणून वाचला. चेकवर खरा नंबर छापलेला होता, पण तो टाचणीखाली निवांत पडला होता. एनईएफटीत पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, जमा करताना नाव ताडून बघत नाहीत. नशीब, त्या नंबरचं खातंच नव्हतं, म्हणून रक्कम परत आली. पण परत येऊन जाणार कुठे? खातं तर बंद!

"संड्रीत आहेत काका," मॅडम म्हणाल्या. मला आधी ते दुसऱ्या शाखेचं नाव वाटलं. धनी नसलेले पैसे बँक आपल्याच एका खात्यात ठेवते, त्याचं हे नाव.

शिक्क्याची प्रत पुढे केल्यावर तासाभरात पैसे सुटले. मग पत्र.

"मेसेज आलाय ना तुम्हाला?"

"मेसेज तर पैसे अडकले तेव्हाही आला होता."

अखेर लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी पत्र मिळालं. मी तिथेच उभं राहून एकेक आकडा वाचला. खाते क्रमांक इंग्रजीत, तारीख मराठीत, शिल्लक शून्य. ते शून्य कुठल्या भाषेतलं, हे मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.