बीपी २०० दिसलं, तरी आधी माणूस बघा

“बीपी १८०च्या वर गेलं की इमर्जन्सीच. त्रास होत नसला तरी जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडा आणि अर्ध्या तासात बीपी नॉर्मलला आणा, नाहीतर लकवा मारेल.”

हा सल्ला अजूनही दिला जातो, पण इमर्जन्सी नुसत्या आकड्यावरून ठरत नाही. वाढलेल्या बीपीमुळे मेंदू, हृदय, किडनी, डोळ्याचा पडदा किंवा महाधमनीला या घडीला इजा होत असेल, तर ती इमर्जन्सी. छातीत दुखतंय, धाप लागलीय, बोलण्यात गोंधळ आहे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडलाय, अचानक धूसर दिसतंय किंवा फिट आलीय, तर घरी गोळ्या शोधू नका, थेट हॉस्पिटल गाठा. गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला मात्र त्रास नसला तरी १६०/११०लाच तातडीने न्यावं लागतं.

आता समजा, ६२ वर्षांच्या एक काकू आहेत. अ‍ॅम्लोडिपिन संपली, ती पुन्हा आणलीच नाही, आणि गुडघ्यासाठी रोज वेदनाशामक गोळी चालू आहे. बीपी २०४/११२, पण त्रास काही नाही. पाठ टेकवून पाच मिनिटं शांत बसवलं, दंडाला योग्य मापाचा पट्टा बांधला, तर १९२/१०८. ईसीजी, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन, सगळं ठीक. यांना सलाइन नको, भरती नको. बंद पडलेली गोळी सुरू करायची, बीपी वाढवणारी वेदनाशामक थांबवायची आणि दोन-चार दिवसांनी पुन्हा तपासायचं. बीपी उतरायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात आणि तेच सुरक्षित असतं.

घाई का नको? वर्षानुवर्षं बीपी जास्त असलं की मेंदूच्या रक्तवाहिन्या त्या दाबाला सरावतात. सरासरी दाब म्हणजे खालच्या आकड्यात वरच्या-खालच्या फरकाचा एक तृतीयांश मिळवून येणारा आकडा. काकूंचं बीपी झटक्यात १२०/७० केलं तर तो १३६वरून ८७वर येतो, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त पडतो. मग मेंदूला रक्त कमी पडून चक्कर, बेशुद्धी, अगदी लकवाही होऊ शकतो. जिभेखालची निफेडिपिन नेमकं हेच करते. ती तोंडातून जेमतेम शोषली जाते. गिळली गेली की बीपी किती पडेल याचा नेम नसतो. यातून स्ट्रोक आणि हार्ट अ‍ॅटॅक आल्याच्या नोंदी आहेत. १९९६ सालीच वैद्यकीय नियतकालिकात हा वापर थांबवा असं स्पष्ट लिहिलं गेलं, तरी ती कॅप्सूल अजून फोडली जाते याचा मला मनापासून राग येतो.

खऱ्या इमर्जन्सीतही शिरेतून औषध देऊन पहिल्या तासात सरासरी दाब साधारण एक चतुर्थांशापेक्षा जास्त उतरवत नाहीत. पुढच्या दोन ते सहा तासांत १६०/१००च्या आसपास आणतात. महाधमनी फाटली असेल तर मात्र मिनिटांत वरचं बीपी १२०च्या खाली हवं.

रक्ताच्या गुठळीने झालेल्या लकव्यात याच्या उलट. गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं असेल तर आधी बीपी १८५/११०च्या खाली आणतात. ते द्यायचं नसेल आणि हृदयासारखं दुसरं कारण नसेल, तर सहसा २२०/१२०पर्यंत हात लावत नाहीत, कारण अडलेल्या भागाला तोच दाब रक्त पोचवत असतो. लकवा गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे स्कॅनशिवाय कळत नाही.