वार्षिक प्लॅनवर दोनच महिन्यांची सवलत का?

«पाच महिने दर महिन्याला फी भरली. आता कळतंय की वार्षिक प्लॅनमध्ये दहा महिन्यांच्या पैशांत पूर्ण वर्ष मिळतं. प्रवेश घेताना हे कुणी ठळकपणे सांगितलं नाही. आणि सवलत तरी किती, तर दोन महिने! बाकीचे वर्षाला सरळ निम्मी फी घेतात. मी भरलेले पाच हप्तेही वार्षिक प्लॅनमध्ये धरायला तयार नाहीत. शिकवणं चांगलं आहे, पण फीच्या बाबतीत विद्यार्थ्यांना नाडतात. दोन तारे.»

नमस्कार. शिकवणं आवडलं हे आवर्जून लिहिलंत, त्याबद्दल आभार. फीच्या मुद्द्याला मात्र दोन ओळींचं उत्तर पुरणार नाही. आमच्या प्रत्येक कोर्सची फी वेगळी आहे, म्हणून समजायला सोपं जावं यासाठी महिन्याची फी 100 धरतो. म्हणजे वार्षिक प्लॅन 1000 चा झाला.

आधी तुमचाच हिशेब पाहू. पाच महिन्यांत तुमचे 500 गेले. वार्षिक प्लॅन घेतला असतात तर पहिल्याच दिवशी 1000 गेले असते. दहाव्या महिन्याला दोन्हींचा खर्च सारखा होतो आणि वार्षिकचा खरा फायदा अकराव्या महिन्यापासून सुरू होतो. मूळ कोर्स आठवड्याला दोन धडे या गतीने साधारण पाच महिन्यांत पूर्ण होतो. बरेच जण तिथेच थांबतात, आणि थांबावंच, कारण ते ज्यासाठी आले ते त्यांना मिळालेलं असतं. अशा विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वेळी वार्षिक प्लॅन गळ्यात मारला तर तो 500 च्या शिक्षणाचे 1000 मोजतो. म्हणून नव्या विद्यार्थ्याला आम्ही मुद्दाम मासिक प्लॅनच आधी दाखवतो. वार्षिक प्लॅनची माहिती दरांच्या पानावर आहे, पण तो घ्या म्हणून आम्ही मागे लागत नाही. मूळ कोर्सनंतर सराव चाचण्या, स्वाध्याय तपासणी आणि शंकासत्रं वर्षभर वापरणाऱ्यांसाठी तो प्लॅन आहे.

आता सवलत दोनच महिन्यांची का, याकडे येतो.

ही सवलत आम्ही इतरांचे दर पाहून ठरवलेली नाही, आमचे विद्यार्थी किती काळ टिकतात ते पाहून ठरवली आहे. एकाच महिन्यात प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांची एक ओळ करायची आणि त्यांतल्या किती जणांनी दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या महिन्याची फी भरली ते पुढे मांडत जायचं. अशा ओळी एकाखाली एक आल्या की मासिक विद्यार्थी किती काळ टिकतात ते दिसतं. नुसती सरासरी इथे फसवते. सरासरी पाच महिने निघाली म्हणून प्रत्येक जण पाच महिने राहतो असं नसतं. काही जण दोन महिन्यांत सोडतात, काही मूळ कोर्स संपवून जातात, आणि थोडे वर्षभर राहतात. सवलतीचा परिणाम या तिघांवर वेगवेगळा होतो.

सोपे आकडे घेऊन दाखवतो. समजा 100 विद्यार्थी आहेत. 50 जण दोन महिने राहतात, 30 जण पाच महिने आणि 20 जण वर्षभर. फक्त मासिक प्लॅन असता तर जमा 10,000, 15,000 आणि 24,000, एकूण 49,000 झाली असती. आता 1000 चा वार्षिक प्लॅन आणा. वर्षभर राहणाऱ्या 20 पैकी 15 जण तो घेतील, कारण आपण टिकणार हे त्यांना ठाऊक असतं. त्या प्रत्येकाचे 200 वाचतात, म्हणजे आमचे 3,000 कमी होतात. पाच महिनेवाल्यांपैकी पाच जण उत्साहाने वार्षिक घेतील आणि प्रत्येकी 500 जास्त देतील, म्हणजे 2,500 वाढतात. घट उरते 500 ची. ती आम्हाला सोसते, कारण वर्षाचे पैसे आधी हातात आले की तपासणीसाठी माणसं नेमताना खात्री असते. शिवाय बारा वेळा पैसे मागण्याऐवजी एकदाच मागावे लागतात. कार्डाची मुदत संपली, खात्यात पैसे नव्हते, अशा कारणांनी हप्ता अडकून मनात नसताना कोर्स सुटलेले विद्यार्थी आम्ही पाहतो. तेही यात टळतं.

तेच आता निम्म्या फीला, म्हणजे 600 ला करून पाहा. वर्षभर राहणारे सगळे 20 जण वार्षिक घेतील आणि तिथे 12,000 कमी होतील. पाच महिनेवाल्यांतले निम्मे, म्हणजे 15 जण घेतील. त्यांच्याकडून प्रत्येकी 100 प्रमाणे 1,500 जास्त येतील. आणि दोन महिन्यांत सोडणाऱ्यांतले दहा जण एवढी मोठी सवलत पाहून मोहात पडतील. ते 200 ऐवजी 600 देतील, म्हणजे आणखी 4,000. तरीही 6,500 ची घट राहतेच. ती भरून काढायला एरवी आलेच नसते असे किमान 11 नवे विद्यार्थी दर शंभरामागे लागतील. पण नवा माणूस आधी महिन्याची फी बघतो. ती त्याला झेपत नसेल तर वर्षाची एकरकमी रक्कम तो आणणार कुठून? हे 11 जण येतील यावर माझा विश्वास नाही.

यातल्या 4,000 कडे जरा थांबून बघा, कारण तुमच्या तक्रारीचं मूळ तिथे आहे. मोठ्या सवलतीतून विक्रेत्याला जी वाढ मिळते, तिचा बराच भाग दोन महिन्यांत शिकणं सोडणाऱ्या माणसाच्या खिशातून येतो. तो वर्षाचे पैसे भरतो, दहा महिने लॉगिनही करत नाही आणि पुढच्या वर्षी परत येत नाही. असं उत्पन्न मला नको आहे.

«सरळ निम्मी फी» घेणारे मग चालवतात कसं? काही जण खरोखर तोटा सोसून विद्यार्थी जमवतात. पण जास्त वेळा दिसते ती वेगळीच मांडणी: मासिक फी आधी चढवलेली असते. आमचंच उदाहरण घ्या. उद्या मी महिन्याची फी 100 वरून 160 केली, तर वर्षाचे 1920 होतात. त्यावर पन्नास टक्के सवलत दिली की वार्षिक प्लॅन 960 चा. आजच्या 1000 पेक्षा जेमतेम 40 ने कमी, पण पानावर मोठ्या अक्षरांत «निम्मी फी» लिहिता येतं. बदलतं ते इतकंच की आज 200 देऊन दोन महिने शिकून बघणारा उद्या 320 देईल, आणि पाच महिनेवाला 500 ऐवजी 800. वार्षिक प्लॅन त्याला स्वस्त वाटू लागतो, कारण शेजारचा पर्याय महाग करून ठेवलेला असतो. तुम्ही पाच महिने मासिक भरलंत. त्या मांडणीत तुमचे 300 जास्त गेले असते.

म्हणून कुठलाही कोर्स घेताना टक्क्यांवर जाऊ नका. वार्षिक रकमेला मासिक फीने भागा. जो आकडा येईल, तितके महिने आपण खरोखर शिकणार आहोत का, हे स्वतःला विचारा. आमच्याकडे तो आकडा दहा येतो. चढवलेल्या दरांत तो सहा येतो आणि आकर्षक दिसतो, पण महिन्याचा दर आणि वर्षाची एकूण रक्कम शेजारी ठेवल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

सवलतीला खालूनही एक मर्यादा आहे. वर्षाचे 1000 आले तरी ते पहिल्या दिवशी आमचे होत नाहीत. बारा महिने शिकवण्याचं देणं डोक्यावर असतं आणि दर महिन्याला त्यातला बारावा हिस्साच कमावला जातो, साधारण 83. वर्षभर सराव करणाऱ्या विद्यार्थ्याचे स्वाध्याय तपासणं आणि शंकासत्रं यांवर महिन्याला 40 खर्च होतो असं धरा. 83 मधून तो गेला की उरतात 43, आणि त्यातून नवे धडे होतात. 600 च्या प्लॅनमध्ये महिन्याला येतात 50 आणि उरतात 10. तेवढ्यात नवे धडे होत नाहीत. मग तपासणीच कमी करावी लागते: सविस्तर शेऱ्याऐवजी नुसते गुण. तुम्हाला जे शिकवणं चांगलं वाटलं, ते आधी तिथेच पातळ होईल.

भरलेले हप्ते वार्षिकमध्ये धरण्याबद्दल. चालू महिन्याचा हप्ता आम्ही धरतो, त्यामागचे धरत नाही. मागचे सगळे धरले तर वर्षाची रक्कम आधी भरायचं कारणच उरत नाही. प्रत्येक जण दहा महिने मासिक भरेल आणि मग दोन महिने मागेल. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ती पद्धत चांगली आहे, हे मी मान्य करतो. पण मग आधी मिळणाऱ्या पैशांवर आम्ही जी माणसं नेमतो ती नेमता येणार नाहीत. ज्यांनी पहिल्याच दिवशी 1000 भरून ती जोखीम घेतली, त्यांच्याशीही ते बरोबर होणार नाही. याच कारणाने आम्ही अचानक «फक्त आज» असे सेल लावत नाही. काल पूर्ण दराने भरलेल्याला आज ते बघून काय वाटेल, याचा विचार दर ठरवतानाच करायला हवा.

आता तुमच्यापुरतं. मूळ कोर्स संपवून थांबणार असाल तर आहात तसंच मासिकवर राहा आणि शेवटचा धडा झाला की प्लॅन बंद करा. पुढचा हप्ता कापला जाणार नाही, धडे संपत आले की आम्ही स्वतः तशी आठवणही पाठवतो. पुढे किमान दहा-अकरा महिने सराव करायचा पक्का विचार असेल, तरच वार्षिक घ्या. या महिन्याचे 100 वजा होऊन 900 भरावे लागतील. वार्षिक घेतल्यापासून 30 दिवसांत मन बदललं तर पूर्ण रक्कम परत मिळते. कोणता प्लॅन बरा, हे ठरवता येत नसेल तर किती धडे उरलेत आणि आठवड्याला किती वेळ देता येतो, एवढं मदतीच्या पत्त्यावर कळवा. तुमचा हिशेब मी स्वतः करून पाठवीन, आणि मासिकच बरं निघालं तर तेच सांगेन.