बाहीची लांबी मनगटाशी बदलू नका

वरून खाली विणायच्या बिनशिवणीच्या स्वेटरच्या पॅटर्नमध्ये बाहीपाशी हमखास एक वाक्य असतं: 'हवी तेवढी लांबी होईपर्यंत विणा, मग रिब करा.' या वाक्याचा मला मनापासून राग येतो. कारण बाही म्हणजे सरळ नळी नसते. काखेपासून मनगटापर्यंत ती हळूहळू निमुळती होते, आणि तो उतार ठरावीक लांबीसाठी आखलेला असतो. लांबी बदलली आणि उतार तसाच ठेवला, की मनगट तरी ढगळ होतं, नाही तर कोपराखालचा हात आवळला जातो.

माझ्या नणंदेचा स्वेटर सध्या सुईवर आहे, तोच हिशोब मांडते. गेज 10 सें.मी.ला 20 टाके आणि 28 फेऱ्या. बाही काखेशी 66 टाके, मनगटाशी 44. म्हणजे 22 टाके कमी करायचे. एका फेरीत दोन, काखेखालच्या मधल्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक, अशा अकरा घटी. पॅटर्नची बाही 45 सें.मी., त्यातली 5 सें.मी. रिब. उरलेल्या 40 सें.मी.च्या 112 फेऱ्या होतात: आधी दोन साध्या आणि मग दर दहाव्या फेरीला घट.

तिला बाही हवी 40 सें.मी. रिब वजा जाता 35, म्हणजे 98 फेऱ्या. पॅटर्नप्रमाणेच विणून 98व्या फेरीला थांबलं, तर घटी नऊच झालेल्या असतात. सुईवर 48 टाके उरतात आणि मनगट 22 ऐवजी 24 सें.मी.चं होतं. कागदावर दोनच सें.मी., पण भांडी घासताना बाही वर सारली की टिकत नाही.

म्हणून घटींची संख्या तीच ठेवायची, त्यांच्यातलं अंतर बदलायचं. 98 भागिले 11 म्हणजे नऊला थोडं कमी. मी आठ घेते. दर आठव्या फेरीला घट धरली तर 88 फेऱ्या झाल्या, दहा उरल्या. त्यातल्या चार काखेशी साध्या विणायच्या, सहा मनगटाशी रिबच्या आधी. बाही उलट 50 सें.मी. करायची असती, तर 126 फेऱ्या मिळाल्या असत्या. दर अकराव्या फेरीला घट आणि पाच फेऱ्या साध्या. काख आणि मनगट दोन्हीकडे टाके पॅटर्नचेच राहतात.

आणि फेऱ्या मोजा, टेपवर विसंबू नका. धुतल्यावर लोकर सैलावते. माझ्या नमुन्यात धुण्याआधी 10 सें.मी.त 30 फेऱ्या होत्या, धुतल्यावर 28. त्यामुळे या 98 फेऱ्या सुईवर असताना टेप जेमतेम 33 सें.मी. दाखवतो. तो आकडा बघून अजून पाच-सहा फेऱ्या घालायचा मोह होतो, आणि पहिल्या धुण्यानंतर बाही तळहातावर येते. गेज घ्यायचं ते धुऊन, वाळवलेल्या नमुन्यावरच.

अंगाच्या भागात प्रश्न लांबीपेक्षा जागेचा असतो. कंबरेला आकार असेल तर जास्तीची लांबी खाली काठाशी घालून उपयोग नाही, स्वेटरची कंबर बरगड्यांवरच राहते. नणंदेला एकूण 4 सें.मी. जास्त हवेत, म्हणजे 11 फेऱ्या. पण काख ते कंबर पॅटर्नमध्ये 15 सें.मी. आहे, तिचं 18. म्हणून 11 पैकी आठ फेऱ्या कंबरेच्या वर घातल्या: आधीच्या दहा साध्या तशाच, चार घटी दर आठव्या फेरीऐवजी दर दहाव्या फेरीला. राहिलेल्या तीन कंबरेखाली. अंगाला टाके खूप असतात, तेव्हा लांबी वाढवणार असाल तर त्याच लॉटचा एक गोळा जास्त आणून ठेवा.

आइसलँडचा लोपापेसा पारंपरिक पद्धतीने खालून वर विणतात. अंग आणि बाह्या वेगळ्या विणून काखेशी एका सुईवर घेतात, आणि वर नक्षीचं गोल योक. तिथे लांबीचा निर्णय काखेच्या आधीच व्हायला हवा. हिशोब तोच, फक्त घटींच्या जागी वाढी. योकला मात्र हात लावू नका. तिथल्या फेऱ्या नक्षीशी आणि खांद्याच्या उंचीशी बांधलेल्या असतात.

विणून झालेल्या स्वेटरचं काय? वरून खाली विणलेली बाही मनगटाकडून सरळ उसवते. पहिल्या घटीपर्यंत जा आणि नव्या अंतराने पुन्हा विणा. खालून वर विणलेली तशी उसवत नाही. एक टाका कापून ती फेरी काढावी लागते, मग वरचे मोकळे टाके सुईवर घेऊन खाली विणायचं. दिशा उलटल्याने टाके अर्ध्या टाक्याने सरकतात. साध्या सुलट विणीत ते दिसत नाही, रिबच्या मधोमध लगेच दिसतं, म्हणून कापायचं ते रिबच्या वर. बाही आखूड करताना तर मनगटाच्या बरंच वर, कोपराजवळ कापा, म्हणजे घटी पसरायला खाली जागा मिळते.