सरासरी ७० मिनिटं म्हणे!

मुलुंडहून सीप्झला पोचायला किती वेळ लागतो गं, असं आई अजूनही विचारते. म्हणून वर्षभर रोजचा वेळ मोबाइलमध्ये लिहून ठेवला. जुलैतले दहा दिवस बघा, मिनिटांत, लहानापासून मोठ्याकडे: ५५, ५६, ५८, ५८, ६०, ६१, ६३, ६५, ७०, १५४. सरासरी बरोबर ७०. पण त्याहून जास्त वेळ लागला तो एकाच दिवशी, बस गांधीनगर जंक्शनला अडकली तेव्हा. एरवीचा दिवस सांगायला मध्यक बरा, साडेसाठ. आणि दहाच्या मीटिंगला घरून कधी निघू, हे ना सरासरी सांगते ना मध्यक.

नेहमीचं रिग्रेशन, म्हणजे निघायची वेळ आणि पाऊस यांवरून सरासरी वेळेचा अंदाज सांगणारी रेष, लावलं तर म्हणालं, पावसाने १४ मिनिटं वाढतात. पण पावसाळ्यात बहुतेक दिवस पाचेक मिनिटंच जास्त लागतात, आणि एखाद्या दिवशी पार वाट लागते. १४ हा त्या दोन्हींचा काला.

रॉजर केंकर आणि गिल्बर्ट बॅसेट यांनी १९७८ मध्ये मांडलेलं क्वांटाइल रिग्रेशन इथे कामी येतं. त्यात अंदाज चुकल्याचा दंड दोन्ही बाजूंना सारखा नसतो. मला दहातले नऊ दिवस वेळेत पोचायचंय, तर अंदाजापेक्षा एक मिनिट जास्त लागलं की दंड ९, एक मिनिट कमी लागलं की दंड १. एकूण दंड कमीत कमी ठेवायचा, तर रेष आपोआप वर सरकते आणि साधारण दहावा हिस्सा दिवस तिच्या वर उरतात, ही ९० टक्क्यांची रेष. दंड दोन्हीकडे सारखा ठेवलात की मध्यकाची रेष. पायथॉनमध्ये एवढंच:

```
import statsmodels.formula.api as smf
smf.quantreg("minutes ~ start + rain", df).fit(q=0.9)
```

माझ्या नोंदींवर पावसाने मध्यक ५ मिनिटांनी वाढला, ९० टक्क्यांची रेष ३८ ने. याचा अर्थ ‘वाईट दिवशी पाऊस आला तर ३८ मिनिटं जास्त’ असा मात्र नाही (ऑफिसात आम्ही यावर तासभर भांडलो). पावसाळी दिवसांचं वरचं टोक कोरड्या दिवसांच्या वरच्या टोकापेक्षा ३८ ने पुढे आहे, एवढंच.

खोट कुठे आहे, तेही वरच्या दहा आकड्यांत दिसतं. त्यांची ९० टक्क्यांची रेष ७० वर ठेवा, १०० वर ठेवा नाहीतर १५४ वर, एकूण दंड तेवढाच येतो! रेष एक मिनिट वर नेली की खालच्या नऊ दिवसांचा दंड ९ ने वाढतो आणि वरच्या एकाचा ९ ने घटतो. टोकाला नोंदी विरळ असल्या की रेष अशी ढिली पडते. म्हणून वर्षभराच्या नोंदींवर ९९ टक्क्यांची रेष मी काढतच नाही, तिच्या वर दोन-तीनच दिवस उरतात.

रेष खरी निघते का, ते नव्या नोंदींवर मोजायचं. गेल्या महिन्यात कामाचे २२ दिवस होते, रेषेच्या वर दोनेक जायला हवे होते. गेले सहा. वाटेत रस्ता खोदलाय, आणि ते माझ्या जुन्या नोंदींना कुठून कळणार! तूर्त वीस मिनिटं आधी निघतेय.