नोकऱ्या का बदलल्या? असं सांगा, म्हणजे शोभेल

मागच्या मंगळवारी बुटीबोरीला मुलाखतीला गेलो होतो. साहेबांनी बायोडाटा चष्म्याखालून पाहिला अन् म्हणाले, "साडेचार वर्षांत पाच नोकऱ्या? टिकत नाही वाटते कुठं?" गावाकडच्या आयटीआयवाल्या भावांनो, माझी फजिती तुमची होऊ नये म्हणून हे सांगतो.

जिनिंगमध्ये काम केलं असेल तर ती बंद झाली असं चुकूनही म्हणू नका. कापूस दिवाळीच्या सुमारास येतो अन् उन्हाळ्यात आवक संपली की प्रेस थांबते, हे विदर्भात शेंबड्या पोरालाही कळते, पण साहेबांना नाही. कापसाला बारमाही यायला सांगायचं राहून गेलं म्हणा अन् माफी मागा.

पगार तीन महिने थकला म्हणून सोलर पंप बसवायचं काम सोडलं असेल, तर "नवीन शिकायचं होतं" म्हणा.

खरी गंमत पीएफची. मी एकाच कारखान्यात तीन वर्षं दोन महिने इलेक्ट्रिशियन होतो. गेट तेच, पॅनल तेच, डबा ठेवायची फळीसुद्धा तीच. ठेकेदार मात्र तीन झाले. ठेकेदार बदलला की जुना निघाल्याची तारीख टाकतो अन् नवा त्याच यूएएनखाली नवा मेंबर आयडी काढतो. दुसऱ्यानं माझी नोंद चाळीस दिवस उशिरा केली, म्हणून कागदावर मी चाळीस दिवस घरी बसलो होतो. प्रत्यक्षात त्या दिवसांत मी नाईट मारत होतो! तिसऱ्यानं निघाल्याची तारीख टाकलीच नाही, त्यामुळं सरकारदरबारी मी अजूनही तिथंच राबतो आहे. सर्व्हिस हिस्टरी उघडली की तीन नावं दिसतात, अन् साहेब बोटं मोजतात.

म्हणून आता बायोडाट्यात वर कारखान्याचं नाव अन् सलग काळ लिहितो, त्याखाली एकच ओळ: ठेकेदार तीन, जागा तीच. तारखा आधी पीएफच्या नोंदीशी ताडून घेतो. तिन्ही गेटपास सोबत ठेवतो. निघाल्याची तारीख राहिली असेल तर ठेकेदाराच्या मागं लागून आधीच टाकून घ्या, नाहीतर दोन ठिकाणी एकदम कामाला आहात असं दिसते.

हे सारं त्या दिवशी साहेबांना समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलवली. मग म्हणाले, "ठीक आहे, निवड झाली तर ऑर्डर अकरा महिन्यांची. ठेकेदाराच्या नावानं."

अहो साहेब, काहून बाप्पा? टिकत नाही म्हणून मलाच झापता अन् अकरा महिन्यांवर ठेवतही नाही! पुढच्या वर्षी तुमचा ठेकेदार बदलेल, माझ्या कागदावर सातवं नाव चढेल, अन् पुढचा साहेब पुन्हा मलाच विचारेल. त्याच्यासमोर तुम्ही येऊन बसाल काय?