सोलरवर गाडी चार्ज करायची तर आधी ६ अँपिअर समजून घ्या

"छतावर ५ किलोवॅट सोलर असेल तर दुपारी गाडी लावून टाका, घर आधी सोलरचीच वीज घेतं त्यामुळे चार्जिंग पूर्ण फुकट. गाडीसोबत आलेला ७ किलोवॅटचा चार्जरच चालतो. अगदीच वाटलं तर सोलर मोडवाला चार्जर घ्या, बिल शून्य. फ्लॅटवाल्यांनी सोसायटीच्या सोलरवर लावा. लाइट गेली तरी टेन्शन नाही."

आमच्या खारघरच्या ग्रुपवर हे फिरतंय, ठाण्यातल्या नातेवाइकांकडूनही आलं, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिल्या वाक्यातलं अर्धं बरोबर आहे. सोलरची वीज आधी घरातच वापरली जाते, उरलेली बाहेर जाते, याबद्दल वाद नाही. पण चार्जरला सोलर किती चाललंय हे माहीतच नसतं, त्याला ३२ अँपिअर सांगितलेत तर तो ३२ अँपिअर ओढणार, कमी पडेल ते ग्रिडमधून. एप्रिलमधली दुपार धरा. ५ किलोवॅटचं सोलर तेव्हा प्रत्यक्षात ४ च्या आसपास देतं, कारण पॅनल तापतात, धूळ असते. घरात एक एसी, फ्रिज, पंखे मिळून १.६ किलोवॅट. उरले २.४. आणि गाडी मागतेय ७.२, म्हणजे ४.८ किलोवॅट महावितरणकडून. ९ युनिट भरायला सव्वा तास लागतो आणि त्यातले ६ युनिट विकतचे निघतात, आणि गाडी भरून झाली की तुमचं सोलर उरलेली दुपारभर बाहेर वीज सोडत बसतं.

आता यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे करंट कमी करणं, बऱ्याच गाड्यांत किंवा चार्जरच्या ऍपमध्ये ही सेटिंग असते आणि लोक ती कधी उघडून बघत नाहीत. १० अँपिअर ठेवला की २.३ किलोवॅट होतात, म्हणजे वरच्या हिशोबात जवळजवळ सगळं सोलरवर. ११ ते ३ असं शेड्यूल लावा, त्याच ९ युनिटमध्ये खारघरहून ठाण्याला जाऊन-येऊन होतं. एक रुपयाचं नवीन सामान नाही. १५ अँपिअर सॉकेटवाली केबल असेल तर मात्र बघून घ्या, त्यातल्या बऱ्याच केबल ठरलेला करंटच घेतात, साधारण ३ किलोवॅट, कमी-जास्त काही नाही. आणि ती स्मार्ट प्लग लावून ढगानुसार चालू-बंद करायचा जुगाड कृपया करू नका, एवढ्या लोडवर सारखं तोडजोड केलं की कॉन्टॅक्ट जळतात.

दुसरा दावाही इथेच पडतो. ढग आला की सोलर मिनिटभरात ४ वरून १ वर येतं, तुमचा ठरवलेला १० अँपिअर तिथेच राहतो. करंट आपोआप कमी-जास्त व्हायचा असेल तर दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे मीटरजवळच्या मेन वायरवर सीटी क्लॅम्प, जो वीज आत येतेय का बाहेर जातेय ते मोजतो. दुसरं म्हणजे तो आकडा बघून गाडीला दर काही सेकंदांनी 'आता इतके अँपिअर घे' सांगणारा चार्जर. आणि इथे खरी पायरी येते, टाइप २ च्या स्टँडर्डमध्ये ६ अँपिअरच्या खाली सांगताच येत नाही. सिंगल फेजवर ६ अँपिअर म्हणजे १.४ किलोवॅट, थ्री फेजवर ४.१. म्हणून घर थ्री फेज असलं तरी ५ किलोवॅटच्या सोलरवर गाडी सिंगल फेजनेच चार्ज करा, नाहीतर चार्जर दिवसभर सरप्लसची वाटच बघत बसेल. शिवाय अगदी ६ वर रेटत बसण्यातही फार अर्थ नाही, चार्ज होताना गाडीची स्वतःची इलेक्ट्रॉनिक्स जागी असते, तिचा खर्च कमी करंटला टक्केवारीत जास्त पडतो.

अशा चार्जरमध्ये साधारण दोन मोड असतात. एक फक्त सरप्लसवाला, ६ अँपिअर भरत नसेल तर थांबतो. दुसरा किमान ६ चालूच ठेवतो, कमी पडलं तर ग्रिडमधून घेतो. `evcc` नावाचं फुकट सॉफ्टवेअर वापरलं तर तिथे त्यांना `pv` आणि `minpv` म्हणतात. जुलैमध्ये पहिला मोड लावलात तर सारखं थांब-चालू होतं, आणि काही गाड्या चार-पाचदा थांबल्या की झोपी जातात, ऊन आलं तरी उठत नाहीत, केबल काढून परत लावावी लागते. पावसाळ्यात दुसरा मोड बरा, किंवा थांबायच्या आधीचा वेळ काही मिनिटांनी वाढवा.

सगळ्यात जास्त गडबड होते ती क्लॅम्पची. तो मीटरनंतर लगेच, पहिली फांदी फुटायच्या आधी लागायला हवा, म्हणजे घर, सोलर, चार्जर तिन्ही त्याच्या पुढे येतात. इलेक्ट्रिशियनने चार्जरची वायर मीटरवरून सरळ वेगळी काढली असेल तर क्लॅम्पला गाडी दिसतच नाही, एक्सपोर्ट कमी होत नाही म्हणून चार्जर करंट वाढवत वाढवत ३२ ला जाऊन बसतो. तपासायचं सोपं आहे. रात्री ऍप बघा, सोलर शून्य असताना एक्सपोर्ट दाखवत असेल तर क्लॅम्प उलटा लागलाय. तो सरळ असेल तर गीझर लावा, आकडा साधारण २ किलोवॅटने इम्पोर्टकडे सरकायला हवा. मग गाडी लावा, तसंच व्हायला हवं. गीझर दिसतो आणि गाडी दिसत नाही, म्हणजे वायर चुकीच्या जागेवरून निघालीये.

आता तिसरा दावा, शून्य बिलाचा, आणि इथे चार्जर विकणारे नाराज होतील. नेट मीटरिंगमध्ये दुपारी बाहेर गेलेलं युनिट तुमच्या खात्यात जमा होतं आणि रात्री वापरलेल्या युनिटसमोर वळतं होतं, म्हणजे वरच्या उदाहरणातले ते ६ युनिट तुम्ही पुढच्या दोन-तीन तासांत परत ग्रिडला देताच, बिलात फरक जवळपास काही नाही! मग महागडा सोलर चार्जर कशासाठी? नेट मीटर अजून मंजूर नसेल किंवा इन्व्हर्टर झीरो एक्सपोर्टवर असेल तर हो, घ्या, तिथे सरप्लस सरळ वाया जातं. बिलात दिवसाच्या आणि रात्रीच्या युनिटचा हिशोब वेगळा होत असेल तरी घ्या. नाहीतर आधी दोन-चार बिलं काढून बघा, एक्सपोर्टचे युनिट कसे वळते झालेत आणि ३१ मार्चला किती शिल्लक राहिले. शिल्लक युनिट महावितरण कमी दराने विकत घेतं, ते खूप राहत असतील तर गाडी घरी जास्त चार्ज करा, दिवसा केली काय नि रात्री केली काय.

सोसायटीचं सोलर बहुतेक ठिकाणी कॉमन मीटरवर असतं, लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे. तुमच्या पार्किंगमधला चार्जर तुमच्या फ्लॅटच्या मीटरवर किंवा वेगळ्या ईव्ही कनेक्शनवर. वर पॅनल आणि खाली गाडी असली तरी हिशोबात ती वीज तुमची होत नाही. क्लॅम्प वगैरे लावूनही नाही, कारण तुमच्या मीटरच्या मागे सरप्लस म्हणून काही नसतंच. आणि चार्जर कॉमन मीटरवर घेतला तर सोसायटी ठरवेल त्या दराने पैसे द्यावे लागतात, तो कमिटीशी बोलण्याचा विषय.

लाइट गेली की साधा ऑनग्रिड इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून, भर उन्हातसुद्धा. बॅटरीवाला हायब्रिड असेल तर घर चालेल, पण त्याच्या बॅकअप आउटपुटवर ७ किलोवॅटची गाडी लावलीत तर तो ओव्हरलोड होऊन बसेल आणि फ्रिजही जाईल, म्हणून चार्जर त्या लाइनवर ठेवूच नका.